विश्रामचा ओठ आणि जरीची बाही

कोळसेवाडीतल्या औषधांच्या दुकानात शेवंती अकरा वर्षं काउंटरला आहे. या अकरा वर्षांत सर्दीच्या गिऱ्हाइकाला तिने एकच गोष्ट हजार वेळा सांगितली असेल: पुसू नका, टिपा. गिऱ्हाइकं ऐकायची. शाळेतल्या बाई ऐकायच्या, रिक्षावाले ऐकायचे, पोरांना कडेवर घेऊन आलेल्या आया तर मान डोलावून जेलीची डबी घेऊन जायच्या. ऐकत नव्हता तो फक्त तिचा नवरा, आणि तोंडावर ज्याचं पोट आहे असा तिच्या ओळखीतला तोच एक माणूस होता.

विश्राम कल्याणच्या एका ब्रास बँडमध्ये पहिला ट्रंपेट वाजवायचा. पहिला म्हणजे पुढच्या रांगेत, बरोबर मध्ये उभा राहणारा. वय एकावन्न, मूळ गाव नगर जिल्ह्यात, वडील गावच्या लग्नांत सनई वाजवायचे. पंचविसाव्या वर्षी तो या बँडमध्ये मागच्या रांगेत लागला आणि सात वर्षांनी पुढे आला. त्यानंतर तो पुढेच होता. बँडचे मालक बाळ मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचा एक जुना नियम होता: नवरदेव घराबाहेर आला की बाकी सगळा बँड गप्प राहणार आणि पहिला ट्रंपेटवाला एकटा वाजवणार, नवरदेव घोडीवर नीट बसेपर्यंत. नवरदेवाला कधी दोन मिनिटं लागायची, कधी दहा. तेवढा वेळ एका माणसाच्या दोन ओठांवर अख्खी वरात उभी असायची.

रविवारची वरात घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलातली होती. त्या घरच्या थोरल्या मुलाच्या लग्नात विश्राम वाजवून आला होता. धाकट्याच्या लग्नाचं ठरवताना त्यांनी बाळ मास्तरांना सांगितलं होतं, तोच माणूस पाहिजे. आणि त्याच आठवड्यात त्या माणसाला सर्दी झाली.

सर्दी साधीच होती. ताप नाही, खोकला नाही, नुसतं नाक वाहत होतं. सोमवारी नाकपुड्यांच्या कडा लाल झाल्या. मंगळवारी नाकाखालची आणि वरच्या ओठाच्या मधली कातडी सोलल्यासारखी दिसायला लागली. बुधवारी सकाळी विश्रामने चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला. खालच्या ओठाच्या मधोमध उभी चीर पडली होती.

शेवंतीने त्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि दुकानात गिऱ्हाइकाचं बघते तसं बघितलं. तिच्या दुकानाच्या फार्मसिस्ट हेमा मॅडम यांनी तिला दोन प्रश्न पाठ करून दिले होते. पिवळी खपली धरली आहे का? पू आहे का, आजूबाजूला सूज पसरते आहे का? असेल तर डबी विकायची नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. विश्रामला तसलं काही नव्हतं. नुसती घासून घासून कच्ची झालेली कातडी होती.

"कशाने पुसता?" तिने विचारलं.

"रुमालाने."

"कुठल्या?"

"रुमाल म्हणजे रुमाल. रुमालाला काय नाव असतं?"

तिने फाटली तरी न फेकलेली एक जुनी सुती साडी काढली आणि तिचे हातरुमालाएवढे बारा तुकडे कापले. धुऊन धुऊन ते कापड लोण्यासारखं मऊ झालं होतं. मग तिने कोमट पाण्यात एक तुकडा बुडवला, पिळला, त्याच्या नाकाखाली नुसता टेकवून धरला, सुकलेलं सगळं भिजून सुटेपर्यंत. कोरड्या तुकड्याने टिपलं. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात दिला, नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांना, नाकाखाली आणि दोन्ही ओठांना. वास नाही, रंग नाही, झोंबत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा असंच करायचं आणि नाक टिपायच्या आधीही लावायचं, म्हणजे नाकाचं खारट पाणी कातडीला लागत नाही, हे तिने दोनदा सांगितलं. ओठांवरून जीभ फिरवायची नाही, हे तीनदा सांगितलं. जीभ फिरवली की क्षणभर बरं वाटतं, मग थुंकी वाळते आणि ओठ आणखी फुटतो. सुटलेलं सालपट ओढायचं नाही. नाक बंद असल्याने तोंडाने श्वास घेतला जातो, त्याने ओठ आणखी कोरडे पडतात, म्हणून पाणी पीत राहायचं.

विश्रामने सगळ्याला हो म्हटलं. तो सगळ्यालाच हो म्हणायचा. शेवंतीच्या मते या माणसाशी भांडता येत नाही याचं कारणच ते होतं.

गुरुवारी सकाळी लाली उतरली होती, चीर मिटायला आली होती. ती खूश होऊन दुकानात गेली. त्याच दिवशी दुपारी विश्राम सकाळची वरात वाजवून जेवायला घरी आला तेव्हा तोंड परत कालच्यासारखं. चीर उघडी, वर रक्ताचा काळा ठिपका, नाकाखाली तर कालच्यापेक्षा वाईट. तिने विचारलं, जेली लावली का? लावली. जीभ फिरवली का? नाही. तुकडे वापरले का? तर त्याने खिशातून तुकडे काढून दाखवले. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"हे वापरले?"

"जपून वापरले."

तिने भाकरी वाढली. त्याने भाकरी वरणात पूर्ण भिजवून, तोंड कमीत कमी उघडून खाल्ली. ठेच्याकडे बघितलं आणि बशी लांब सरकवली. ठेच्याशिवाय जेवणारा विश्राम तिने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला.

दुपारभर दुकानात तिचं लक्ष नव्हतं. हेमा मॅडमना तिने सांगितलं तर त्या म्हणाल्या, रात्री बरं होतं आणि दिवसा बिघडतं, म्हणजे दिवसा काहीतरी लागतंय. काय लागतंय ते शोध. साबण, बाम, काहीही. शेवंतीला बामचा संशय आला. बँडमध्ये सगळ्यांच्या खिशात बाम असतो, आणि बामातला कापूर आणि पुदिना कच्च्या कातडीवर म्हणजे नुसती आग. हेमा मॅडमनी तिला तासभर लवकर सोडलं. डबी विश्राम घरीच विसरला होता. ती देण्याचं निमित्त चांगलं होतं.

बँडचं दुकान पत्रीपुलाच्या अलीकडे आहे. एक गाळा, मागे पोटमाळा, भिंतीवर ढोल टांगलेले. गणवेशाचे कोट सगळे तिथेच राहतात, घरी कोणी नेत नाही. म्हणूनच एवढ्या वर्षांत शेवंतीने नवऱ्याला कोटात बघितलं होतं ते लांबून किंवा फोटोत. त्या दिवशी संध्याकाळी टिटवाळ्याला एक हळद होती. मंडळी कोट चढवून टेंपोची वाट बघत होती. विश्राम बाकावर बसला होता, मांडीवर ट्रंपेट, तिच्याकडे पाठ.

ती दारातच थांबली.

विश्रामला शिंक आली. त्याने उजवा हात वर केला आणि कोटाची बाही नाकाखालून सरळ एका झटक्यात ओढली. मनगटापासून कोपरापर्यंत जाईल अशी ओढली. बाहीच्या मनगटाला चार बोटं रुंद जरीची पट्टी होती, सोनेरी, तारेची, वर चमकीचे मणी शिवलेले. हात लावला तरी टोचेल अशी. मिनिटभराने नाक परत वाहिलं. बाही परत आली. त्याला ते कळतही नव्हतं. डाव्या हातात बाजा, उजव्याची बोटं त्याच्या कळांवर, रुमाल काढायला हात मोकळा नाही, टेंपोत उभं राहून जायचं, वाजवताना मध्ये एक श्वासाची जागा मिळते तेवढ्यात नाक पुसायचं. सव्वीस वर्षं तो हेच करत आला असणार.

पण खरा कळस पुढे होता. विश्रामने कोटाच्या खिशातून पांढरा खडा काढला, तो खालच्या ओठावर चिरेसकट दोनदा घासला, डोळे घट्ट मिटून घेतले आणि खडा परत खिशात ठेवला. तुरटी. न्हावी दाढीनंतर लावतो ती.

शेवंतीने डबी बाकावर आपटली. सगळा बँड वळून बघायला लागला.

"हे काय चाललंय?"

विश्राम उठून उभा राहिला. बायकोला तिथे बघून तो इतका गोंधळला, की त्याने परत बाहीने नाक पुसलं.

बाळ मास्तरांनी मध्ये पडून समजूत घातली. तुरटी ही बँडवाल्यांची जुनी चाल, त्यांच्या गुरूंपासूनची. ओठ नरम पडला की तुरटीने आवळून घ्यायचा, ओठ कडक होतो, सूर सुटत नाही. वाजवणारे सगळेच करतात, वहिनींनी मनावर घेऊ नये. मागच्या रांगेतल्या भिवाने पुस्ती जोडली की त्याच्या मामाने तर मिठानेही केलं होतं. शेवंतीने विचारलं, मग मामा अजून वाजवतात का? भिवा म्हणाला, नाही, आता पानाची गादी आहे.

कोणीतरी हसलं. शेवंती हसली नाही.

तिने सगळ्यांसमोर विश्रामचा उजवा हात धरला आणि जरीवरून बोट फिरवलं. "ही पट्टी तुमच्या गालावर घासू का मास्तर, दिवसातून पन्नास वेळा?" मग तिने त्यांना दुकानातल्या भाषेत सांगितलं. चांगल्या ओठावर तुरटी ठीक असेल, तिला ठाऊक नाही. फाटलेल्या ओठावर ती आहे तो ओलावा ओढून घेते आणि चीर खोल करते. ओठ कडक होतो हे बरोबर, पण कडक झालेला ओठ वाजवताना ताणला की तडकतो. आज टिटवाळ्याला वाजवलं तर रविवारपर्यंत ही चीर मिटत नाही.

"जेली का नाही लावली?" तिने विश्रामला विचारलं.

आता विश्राम पहिल्यांदा खरं बोलला. "अगं, बाज्याची तोंडाला लावायची वाटी घसरते. तुपाच्या हाताने हंडा धरल्यासारखं होतं. ओठ गुळगुळीत असला की सूर धरता येत नाही. मला काय हौस आहे का सोलून घ्यायची?"

हे तिला माहीत नव्हतं. दुकानात एकाही गिऱ्हाइकाने हे कारण दिलं नव्हतं. ती बाकावर बसली आणि विचार करायला लागली, आणि विचार करतानाही तिची चिडचिड कमी झाली नाही, कारण हे त्याने बुधवारी सकाळीच सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

मग तिने ठरवून टाकलं. वाजवायच्या आधी कोमट पाण्याने जेली धुऊन, टिपून ओठ कोरडा करायचा. वाजवून झालं की लगेच परत लावायची. बाकीच्या वेळी ओठ उघडा ठेवायचाच नाही. पण हे चीर मिटल्यावर. आज, शुक्रवार, शनिवार बाजा तोंडाला लावायचा नाही.

शेवंती सोडून सगळ्यांना माहीत होतं ते बाळ मास्तरांनी तिला सांगितलं. विश्राम तीन दिवस नाही म्हणजे पुढे मयूर उभा राहणार. मयूर दुसरा ट्रंपेट, चोवीस वर्षांचा, डोंबिवलीचा पोरगा, वाजवतो चांगला. आणि या बँडमध्ये एकदा कोणी पुढे उभा राहिला की त्याला मागे पाठवत नाहीत. विश्राम स्वतः असाच पुढे आला होता. त्याच्या आधीच्या विठोबा नावाच्या माणसाला कावीळ झाली होती, दोन आठवड्यांसाठी. विठोबा मग चार वर्षं मागच्या रांगेत वाजवून निवृत्त झाला.

विश्राम म्हणाला, "मी टिटवाळ्याला जातो. काही होत नाही."

शेवंती मग अगदी हळू म्हणाली, "तीन दिवस सोडा, नाहीतर सीझन सोडा. मला दोन्ही चालेल. पण रोज घरी येऊन माझ्यासमोर भाकरी भिजवून खायची नाही."

टेंपो आला. मयूरने खाली मान घालून विचारलं, "काका, मी येऊ का पुढे?" विश्रामने कोट काढला, खुंटीला लावला, डबी उचलली आणि बायकोच्या पुढे चालायला लागला.

पुढचे दोन दिवस शेवंतीला जन्मभर लक्षात राहतील. रिकामा बसलेला विश्राम तिने कधी पाहिला नव्हता. तो टीव्ही लावायचा, बंद करायचा. दर अर्ध्या तासाने आरशात जायचा. ती दुकानात असताना त्याने नऊ फोन केले: जेली नाकाच्या आत लावायची का? नाही, आत बोट घालून भरायची नाही, नुसत्या कडांना. वाफ घेऊ का? घ्या, पण भांड्यात तोंड घालू नका, लांबून. लिंबू लावू का, शेजारच्या प्रमोदिनीताई सांगत होत्या. हा फोन तिने उत्तर न देता बंद केला. प्रमोदिनीताईंनी हळद-लिंबाची वाटी घेऊन स्वतः दार वाजवलं होतं, असं संध्याकाळी कळलं. विश्रामने त्यांनाही हो म्हटलं होतं, फक्त लावलं नव्हतं. एवढी एक प्रगती होती.

टिपायला मात्र तो शिकला. पहिल्यांदा त्याचा हात आपोआप वर यायचा आणि मनगट नाकाखाली जायचं, तिथे आता गंजिफ्रॉकमधला उघडा हात असायचा आणि तो दचकायचा. तिने सुती तुकडा त्याच्या डाव्या मुठीत दिला आणि सांगितलं, हा डावाच हात. उजव्याने नाकाला शिवायचंच नाही. दोन दिवसांत बारापैकी अकरा तुकडे रोज धुऊन दोरीवर वाळत पडायला लागले. शनिवारी संध्याकाळी नाकाखालची कातडी कोरडी, गुलाबी आणि बंद होती. चिरेच्या जागी बारीक रेघ राहिली होती. त्याने ठेचा मागितला. तिने दिला नाही.

शनिवारीच मयूर येऊन गेला. शुक्रवारच्या डोंबिवलीच्या वरातीत त्याने पुढे वाजवलं होतं आणि लोकांना आवडलं होतं. हे त्याने सांगितलं नाही, बाळ मास्तरांनी फोनवर सांगितलं, जरा जास्तच मोकळेपणाने. मयूरने खाऊ आणावा तशी एक पिशवी आणली होती. आत विश्रामचा कोट होता. "काकी, मास्तरांना सांगू नका," तो म्हणाला.

शेवंतीने उजव्या बाहीची जरीची पट्टी ब्लेडने टाका टाका करत उसवली. मणी ताटलीत पडले. पट्टीच्या आतल्या बाजूला काय साठलं होतं ते तिने विश्रामला मुद्दाम दाखवलं नाही, कारण रात्री जेवायचं होतं. उसवलेल्या जागी तिने त्याच सोनेरी रंगाच्या साटिनची फीत लावली. लांबून फरक कळत नव्हता. डाव्या खिशाला आतून एक जादा खिसा शिवला आणि त्यात सहा तुकडे ठेवले. तुरटी तिने काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ती न्हाव्याला देऊन टाकणार होती, पण मग आठवलं की ती कुठे कुठे घासली गेली आहे, आणि खडा कचऱ्यात गेला.

रविवारी ती वरातीला गेली नाही. दुकान सातपर्यंत होतं आणि घोडबंदर रोडला जाऊन यायला रविवारीही तीन तास. शिवाय तिला वरात आवडत नाही. संध्याकाळी पावणेआठला मयूरने कोणाकडून तरी काढून घेतलेला व्हिडिओ फोनवर पाठवला. सहा मिनिटांचा.

संकुलाच्या कमानीखाली बँड उभा होता. पुढच्या रांगेत मध्ये विश्राम होता आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून मयूरही. म्हणजे मयूर पुढेच राहिला आणि विश्रामही मागे गेला नाही; मास्तरांनी नियम मोडला होता, अर्धा. नवरदेव दारात आला, बँड थांबला आणि विश्रामने एकट्याने सुरुवात केली. नवरदेव जाड होता. पहिल्यांदा चढताना घसरला, दुसऱ्यांदा फेटा पडला, मग कोणीतरी स्टूल आणायला धावलं. विश्राम वाजवत राहिला. शेवंतीला सुरांतलं फार कळत नाही. ती गाणं ऐकतच नव्हती. ती फोन डोळ्यांजवळ धरून त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती.

चौथ्या मिनिटाला श्वासाची जागा आली आणि हात वर निघाला. ती पुटपुटली, "डावा." फोनमधला हात अर्ध्यावर थांबला. विश्रामने बाजा उजव्या हातात घेतला, डाव्याने आतल्या खिशातून पांढरा तुकडा काढला, नाकाखाली टेकवला, एकदा, दोनदा, जसा शिकवला होता तसा, आणि ट्रंपेट परत तोंडाला लागला. चीर उघडली नव्हती. स्टूल आलं, नवरदेव बसला, सगळा बँड एकदम वाजायला लागला. विश्रामने शेवटचा सूर लांब धरला आणि मयूर खालून त्याला येऊन मिळाला.

शेवंतीने पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकली. व्हिडिओचे काही सेकंद उरले होते. त्यात विश्राम बाजूला झाला, खूश दिसत होता. त्याने खिशातून पितळ घासायच्या उग्र ब्रास पॉलिशची छोटी बाटली काढली, हातातल्या तुकड्यावर दोन थेंब घेतले आणि ट्रंपेटची तोंडाची वाटी चमकवून पुसली. मग नाक वाहिलं. तुकडा हातातच होता. त्याने तोच टेकवला, अगदी हळुवार, घासलं मुळीच नाही.

शेवंतीने फोन लावला. चार रिंगनंतर त्याने उचलला, मागे ढोल वाजत होते, तो ओरडून म्हणाला की फार छान झालं, ओठ अजिबात दुखत नाही, तू सांगितलं तसंच केलं सगळं.

"तोंड धुवा," ती म्हणाली. "आत्ता. साध्या पाण्याने. वाटीसुद्धा."

"हो," विश्राम म्हणाला.